बी न घातलेली बरणी

ठाणे जिल्ह्यातल्या शाळांची विज्ञान प्रदर्शने बारकाईने पाहिली, तर एक गोष्ट कबूल करावीच लागते: इथे प्रयोग फसत नाही. तालुका पातळीवर फसत नाही, जिल्हा पातळीवर तर नाहीच नाही. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, त्याची जागा सनबोर्डने घेतली, पण त्यावर चिकटवलेला ‘निष्कर्ष’ तोच राहिला: ‘आमचा प्रयोग यशस्वी झाला.’ भाभा अणुसंशोधन केंद्रातसुद्धा कधीतरी एखादा प्रयोग अपेक्षेविरुद्ध जात असेल. डोंबिवलीच्या आठवी ‘ब’मध्ये ती सोयच नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा ज्वालामुखी वेळेवर उसळतो, बटाट्यावर दिवा लागतो, आणि शेवग्याच्या बियांनी नदीचे पाणी ‘शुद्ध’ होते. या अखंड यशाचे कारण मुलांची हुशारी आहे, असे पालकांना वाटते. माझ्या मते कारण वेगळे आहे. बहुतेक प्रयोगांची आखणीच अशी असते, की त्यांना फसायला जागा ठेवलेली नसते. आणि ज्याला फसता येत नाही, त्याने यशस्वी होऊन दाखवले यात विशेष काही नाही.

शेवग्याचाच प्रयोग घेऊ, कारण तो मुळात चांगला आहे आणि चांगल्या प्रयोगाची वाट कशी लावतात हे त्यात स्वच्छ दिसते. शेवग्याच्या वाळलेल्या शेंगेतल्या बियांत एक प्रथिन असते, त्यावर धन विद्युतभार असतो. गढूळ पाण्यातल्या मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. ते एकमेकांना दूर ढकलत राहतात म्हणून खाली बसत नाहीत. बियांची पूड घातली की हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे गुठळे होतात आणि तळाशी जातात. तुरटी फिरवली की जवळपास हेच घडते, आणि आपल्याकडे निवळीच्या बियाही जुन्या काळापासून पाणी निवळायला वापरतात. सुदानमध्ये नाईलच्या गढूळ पाण्यासाठी शेवग्याचाच उपयोग करत. तेव्हा विषय खरा आहे, बी बाजारात मिळते, आणि कल्याणच्या मुलांना उल्हास नदी हाकेच्या अंतरावर आहे. इतके सगळे जुळून आल्यावर विज्ञान घडायलाच हवे. पण घडते ते असे: एका काचेच्या भांड्यात तपकिरी पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, मध्ये हिरव्या स्केचपेनचा बाण, आणि वर ‘जलसंजीवनी’ हे नाव. दुसऱ्या भांड्यातले पाणी बाटलीबंद आहे की नाही, हे विचारणे असभ्य समजले जाते.

प्रयोगाची आखणी तपासायला बसणाऱ्याने पहिला प्रश्न गृहीतकाला विचारावा: कोणता निकाल आला असता तर तू ‘नाही’ म्हटले असतेस? ‘शेवग्याच्या बिया पाणी शुद्ध करतात’ या वाक्याला या प्रश्नाचे उत्तरच नाही. किती बिया, कोणते पाणी, किती वेळ, शुद्ध म्हणजे काय मोजले, आणि कशाच्या तुलनेत, यातले काहीच त्यात नाही. पाणी थोडे निवळले तरी वाक्य खरे, बरेच निवळले तरी खरे, आणि मुळीच निवळले नाही तर ‘बिया जुन्या होत्या’. आता हेच वाक्य असे लिहून बघा: ‘मोहन्याजवळच्या उल्हास नदीच्या पावसाळी पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम पूड घालून तासभर ठेवले, तर पूड न घातलेल्या पाण्यापेक्षा आरपार दिसण्याची खोली किमान १० सेंटिमीटरने जास्त येईल.’ हे वाक्य ऐकायला फारच नीरस आहे, ‘जलसंजीवनी’शी त्याचे अजिबात जमणार नाही, पण त्याच्यात एक दुर्मीळ गुण आहे. ते खोटे ठरू शकते. आणि ते प्रयोगाच्या आधी, तारीख घालून, प्रकल्पवहीत लिहिलेले हवे. निकाल हातात आल्यावर लिहिलेले गृहीतक म्हणजे सामना संपल्यावर लावलेली पैज. १० सेंटिमीटरच का, ८ का नाही, असे कोणी विचारले तर खुशाल म्हणावे की आम्ही तो आकडा आधी ठरवला. आधी ठरवला एवढेच त्याचे मोल आहे आणि ते पुरेसे आहे.

दुसरा मुद्दा चलांचा. हा भाग पाठ्यपुस्तकात कोरडा वाटतो, पण कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला तो शिकवावा लागू नये. सकाळी डोंबिवलीत गाडीत शिरायला जागा नसते म्हणून काही शहाणे लोक आधी उलटे कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. ‘उलटे गेल्याने बसायला मिळते’ हे त्यांचे गृहीतक रोज सिद्ध होते. पण जो उलटा जातो तो घरूनही लवकर निघतो. मग जागा मिळाली ती कल्याणमुळे की आधीच्या गाडीमुळे? त्याच गाडीला, त्याच डब्यात डोंबिवलीला चढलेला शेजारी उभा आहे की बसला आहे, हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. शेवग्याच्या प्रयोगात हा शेजारी म्हणजे बी न घातलेली बरणी. तेच पाणी, तेवढेच पाणी, तेवढेच ढवळणे, तेवढाच वेळ. फक्त पूड नाही. आमच्या प्रदर्शनांत ही बरणी सर्वांत आधी गळते. पालक म्हणतात, तिच्यात काही घातलेच नाही तर दाखवायचे काय? दाखवायचे तेच. गढूळ पाणी नुसते ठेवले तरी निवळते. माठाचे तळ पाहिलेल्या कोणत्याही आजीला हे ठाऊक आहे. बीविना किती निवळले हे मोजले नाही, तर गुरुत्वाकर्षणाने केलेले काम शेवग्याच्या खात्यावर जमा होते, आणि गुरुत्वाकर्षण तक्रार करायला प्रदर्शनात येत नाही.

आखणी प्रत्यक्षात अशी बसते. बियांची टरफले काढून आतला पांढरा गर खलबत्त्यात कुटायचा, चाळायचा. त्याची २ ग्रॅम पूड थोड्या पाण्यात कालवून पाणी घालत एकूण १०० मिलिलिटर करायचे. याच्या ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पूड आली, म्हणजे ते एक लिटर पाण्याच्या बरणीत घातले की लिटरमागे १०० मिलिग्रॅम झाले. पाच सारख्या बरण्या घ्यायच्या: शून्य, ५०, १००, १५० आणि २०० मिलिग्रॅम. त्यासाठी कालवण शून्य, अडीच, ५, साडेसात आणि १० मिलिलिटर लागेल, आणि उरलेले १० मिलिलिटरपर्यंत साधे पाणी घालायचे, म्हणजे शून्याच्या बरणीतही १० मिलिलिटर पाणी पडते आणि तिला ‘तुझ्यात काही घातले नाही’ म्हणून पाणी कमी मिळत नाही. मग सगळ्या बरण्या एक मिनिट जोरात, दहा मिनिटे हळू ढवळायच्या, आणि तासभर हात लावायचा नाही. कालवण त्याच दिवशी केलेले हवे. बरण्या एकाच आकाराच्या हव्यात, कारण उंच बरणीत गाळाला लांब पडावे लागते. आणि बादलीतून प्रत्येक बरणी भरताना बादली पुन्हा ढवळायला हवी. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण इथेच सगळे फसते. शून्याची बरणी बादलीच्या तळातून भरली आणि १०० ची वरून, की प्रयोग सुरू होण्याआधीच जिंकलेला असतो, आणि मुलांनी काही लबाडी केली असेही म्हणता येत नाही.

पाण्याच्या नमुन्याबद्दल इथेच एक कुजबुज. प्रदर्शने बहुधा हिवाळ्यात भरतात, तेव्हा उल्हास नदी पावसाळ्यासारखी गढूळ नसते. शिवाय मोहन्याकडे जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरलेले असतात. थोड्या गढूळ पाण्यात शेवगा फारसे काम करत नाही, कारण गुठळे व्हायला कण एकमेकांना भेटावे तर लागतात. मग हुशार गट अंगणातली माती पाण्यात कालवून ‘नदीचे पाणी’ तयार करतो. हे अगदी चालते, फक्त ‘कृत्रिम गढूळ पाणी’ असे लिहून. ठाण्याच्या मुलांनी मासुंद्याचे पाणी आणले आणि ते निवळलेच नाही, तर तोही निकालच आहे, आणि ‘शेवगा कुठे चालत नाही’ ही माहिती ‘शेवगा चालतो’पेक्षा कमी मोलाची नाही.

मोजायचे कशाने, हा प्रश्न पुष्कळदा ‘डोळ्यांनी’ या उत्तरावर संपतो. डोळे वाईट नाहीत, पण ते मालकाच्या बाजूचे असतात. पारदर्शक प्लास्टिकची साठ सेंटिमीटर उंच नळी, तळाशी पांढऱ्या चकतीवर काळी फुली; वरून पाहत पाणी ओतत जायचे आणि फुली दिसेनाशी झाली की उंची वाचायची. उपकरण शंभर-दोनशे रुपयांत होते आणि आकडा देते. बरणी वाकडी करून पाणी ओतू नये, तळाचा गाळ वर येतो. वरचे पाणी बारीक नळीने ओढून घ्यावे. आणि वाचणाऱ्याला बरणी कोणती हे माहीत नसावे. दुसऱ्या मुलाने बरण्यांना क, ख, ग अशी नावे देऊन यादी दप्तरात ठेवावी. ‘आमच्या मुलांवर विश्वास नाही का?’ असे यावर कोणी विचारेल. विश्वास आहे, पण अपेक्षा असलेल्या माणसाला फुली थोडी जास्त वेळ दिसते, आणि हे शास्त्रज्ञांनाही चुकलेले नाही. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, ती याच शिस्तीने. २०० मुलांच्या पत्रिका, निम्मी मुले अभ्यासात हुशार आणि निम्मी बौद्धिक दिव्यांग. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, कोणती कोणाची हे सांकेतिक क्रमांकाआड दडवलेले. ५१ जणांनी भाग घेतला, २७ जणांची उत्तरे आली, आणि सरासरी यश निम्म्याच्या वर गेले नाही. नाणे उडवून एवढे मिळते. या चाचणीत मला सर्वांत आवडते ते हे की निकाल उलट लागू शकला असता. ज्योतिषांनी चाळीसपैकी पस्तीस बरोबर सांगितले असते, तर नारळीकरांना ते छापावे लागले असते. आठवी ‘ब’ने शेवग्याला एवढीच संधी द्यायची आहे.

आता आकडे आले असे समजू. हे मी केवळ उदाहरणासाठी मांडत आहे. तीन वेळा तीच आखणी केली, बादलीतल्या पाण्यात सुरुवातीला फुली १२ सेंटिमीटरवर दिसेनाशी होत होती. तासाभराने बी न घातलेल्या बरणीचे आकडे २२, २७, २३, म्हणजे सरासरी २४. शंभराच्या बरणीचे ३६, ४१, ३७, सरासरी ३८. प्रदर्शनाचा फलक म्हणेल, ‘१२ वरून ३८! पाणी तिप्पट स्वच्छ!’ वाढ खरोखर २६ सेंटिमीटर आहे, पण त्यातले १२ बीविनाच मिळाले. शेवग्याचा वाटा १४. शिवाय खोलीचा आकडा दुप्पट झाला म्हणजे गढूळपणा नेमका निम्मा झाला असेही नाही, त्यामुळे ‘तिप्पट’ हा शब्द फलकावर न आलेलाच बरा. पण गृहीतकातले १० सेंटिमीटर ओलांडले आहेत, आणि बीविना सर्वांत चांगला आकडा २७, तर शंभराचा सर्वांत वाईट ३६. दोघांची गल्ली वेगळी आहे. एकदाच करून मिळालेल्या २७ आणि ३६ वर कोणी विश्वास ठेवला नसता; तीनदा केल्यावर ठेवावा लागतो. पन्नासाची सरासरी २९. मग दीडशेचे पाहा: ३९, ३३, ४२, सरासरी पुन्हा ३८. इथे गट म्हणतो, ‘१५० मिलिग्रॅमला सर्वांत चांगला निकाल’, कारण ४२ हा सगळ्यांत मोठा आकडा आहे. तसे म्हणता येत नाही. १०० आणि १५० मध्ये फरक दिसला नाही, असे म्हणता येते. आणि दोनशेचे आकडे: ३१, २९, ३३.

दोनशेचा आकडा खाली आला, हा या प्रयोगातला खजिना, आणि नेमका हाच फलकावरून गायब होतो. ‘जास्त घातले तर जास्त चांगले’ या घरगुती नियमाला तो बाधा आणतो, म्हणून ‘चुकीची नोंद’ समजून खोडतात. पण हे अपेक्षित आहे. प्रथिन गरजेपेक्षा जास्त झाले की कणांवर उलटा, धन भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. वरून बियांतले न बसणारे पदार्थही पाण्यात राहतात. म्हणजे पाण्यानुसार एक योग्य मात्रा असते, तिच्या अलीकडे कमी पडते आणि पलीकडे बिघडते. तुरटीलाही हे लागू आहे. पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात मात्रा ठरवायला अशाच बरण्यांची चाचणी घेतात. ज्या गटाने २०० ची ओळ खोडली, त्याने प्रयोगातला सर्वांत प्रौढ निष्कर्ष खोडरबराने पुसला.

निष्कर्षाचा प्रामाणिकपणा मात्र इथे संपत नाही, सुरू होतो. निवळलेले पाणी पिण्याजोगे आहे, असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एकक असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. साठ सेंटिमीटरची नळी एवढ्या खाली वाचूच शकत नाही. आणि १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय मुळीच सापडू नये ही अट नळीतून दिसत नाही. गाळाबरोबर बरेच जंतूही खाली बसतात हे खरे, पण बियांतले सेंद्रिय पदार्थ पाण्यात उरतात आणि ते पाणी दोन दिवस ठेवले तर उरलेल्या जंतूंना ती मेजवानी ठरते. पाण्याला वास येतो. विरघळलेल्या क्षारांचे आणि रसायनांचे तर या प्रयोगाने काहीच मोजले नाही. ज्या डोंबिवलीत २०२० साली एमआयडीसीतला रस्ता रसायनाने गुलाबी झाला, तिथे ‘आरपार दिसते म्हणजे चांगले’ हा निष्कर्ष काढायला खास धैर्य लागते. म्हणून फलकावर लिहायचे वाक्य असे: ‘या पाण्यात, या मात्रेला, तासाभरात गढूळपणा बीविना ठेवलेल्या पाण्यापेक्षा कमी झाला. जंतू आणि रसायने मोजली नाहीत. पाणी पिऊ नये.’ शेवटचे तीन शब्द मोठ्या अक्षरात हवेत, कारण प्रमुख पाहुण्यांना ग्लास पुढे करणारा एखादा उत्साही पालक असतोच, आणि पाहुणेही फोटोपुरता घोट घेतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो वयाचा. ‘अहो, तेरा वर्षांची मुले; त्यांच्याकडून पीएचडी करून घेता काय?’ पण या आखणीत तेरा वर्षांच्या मुलाला न झेपणारे काय आहे? पाच बरण्या, एक नळी, तीन फेऱ्या आणि एक यादी. जे झेपत नाही ते पालकांना: रविवारी तीनदा तेच ढवळणे आणि शेवटी ‘फरक दिसला नाही’ हे वाक्य मुलाच्या हस्ताक्षरात पाहणे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘शेवगा पाणी निवळतो हे जगाला माहीत आहे, मग यात संशोधन ते काय?’ खरे आहे, शेवगा निवळतो हे शोधायचे राहिलेले नाही. पण मोहन्याच्या जुलैतल्या पाण्याला किती मिलिग्रॅम लागतात, आणि तुरटीपेक्षा किती कमी-जास्त, हे पुस्तकात नाही. पाच बरण्यांबरोबर तुरटीची सहावी ठेवली, तर आठवीतल्या मुलाने पुस्तकाला विचारता न येणारा प्रश्न विचारलेला असतो. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून नेमके हेच मागते, आपल्या परिसरातला प्रश्न. ठाण्यात जिज्ञासा ट्रस्टसारख्या संस्था त्यासाठी मुलांना मार्गदर्शन करत आल्या आहेत, आणि डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही कृतिसंशोधनाचा टप्पा असतो. मागणी आहे. माल वेगळा पोचतो.

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. ‘फरक दिसला नाही’ लिहिणाऱ्या मुलाला बक्षीस कोण देणार? गुणपत्रिकेत कल्पकता, नावीन्य, कौशल्य, उपयुक्तता, कमी खर्च, मांडणी असे रकाने असतात. ‘वैज्ञानिक विचार’ त्यांच्यातच एका रकान्यात दाटीवाटीने बसलेला. ‘समाजाला उपयोग काय?’ हा परीक्षकांचा ठरलेला प्रश्न, आणि न चाललेल्या उपायाचा उपयोग सांगताना मुलाची जीभ अडखळते. सगळ्या रकान्यांचे गुण बदलणे तुमच्या-माझ्या हातात नाही. पण परीक्षकाकडे एका टेबलासाठी पाच मिनिटे असतात आणि त्यातले एक मिनिट शून्याच्या बरणीसाठी राखायला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. ‘बी न घातलेली बरणी कुठे आहे?’ एवढेच विचारावे. ज्यांच्याकडे ती आहे ते लगेच बोट दाखवतात आणि आकडे सांगू लागतात. ज्यांच्याकडे नाही ते आईकडे पाहतात. आणि काही टेबलांवर ती सापडते ती सनबोर्डच्या मागे, कापडाखाली, कारण पुढे ठेवली तर शेवग्याचे पाणी तितके स्वच्छ दिसत नाही.